लावणीवरचा गोषवारा लिहिताना

परिषदेच्या पत्रकात अडीचशे-तीनशे शब्दांचा गोषवारा मागितलेला असतो. लावणीवर काम करणाऱ्या मुलामुलींचे असे गोषवारे मी बरीच वर्षं वाचते आहे. काही परिषदांसाठी ते निवडायला बसते आणि स्वतःचेही पाठवते. लावणीचा बदलता प्रेक्षक आणि कलावंतांची उपजीविका हा विषय त्यांत वरचेवर येतो. त्या एका विषयापुरतं मला जे उमगलं ते इथे लिहिते आहे. उदाहरण माझ्या एका विद्यार्थिनीच्या गोषवाऱ्याचं घेतलं आहे. तिने सोलापूर भागातल्या एका कला केंद्रात काम केलं. तिला विचारून, पण तिचं आणि केंद्राचं नाव गाळून सांगते.

१. प्रेक्षक आणि उपजीविका यांना जोडणारा दुवा आधी शोधावा.

हातात येणाऱ्या बहुतेक गोषवाऱ्यांचे सरळ दोन तुकडे पडतात. पहिल्या अर्ध्यात प्रेक्षक बदलल्याचं सांगितलेलं असतं: आधी पेशवाईतले सरदार, मग गिरणी कामगार, आता मोबाइल उंचावून चित्रीकरण करणारी तरुण पोरं. दुसऱ्या अर्ध्यात कलावंतांचे हाल येतात: उतारवय, आजारपण, अपुरं मानधन. दोन्ही खरं असतं. पण पहिल्यामुळे दुसरं कसं घडलं, हे कुठेच नसतं. निवड समितीत बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो.

माझ्या समजुतीप्रमाणे हा दुवा पैसे देण्याच्या रीतीत आहे. बैठकीतला प्रेक्षक फर्माईश करतो आणि पैसे समोर ठेवतो. जत्रेतला प्रेक्षक गावाच्या वर्गणीतून देतो आणि सुपारी ठरवायला पंचमंडळी जातात. नाट्यगृहातला प्रेक्षक खिडकीवर तिकीट काढतो, आणि मंचावरच्या बाईला ठरलेली नाईट मिळते. लावणी तीच, पायातले चाळ तेच, पण पैसा तीन वेगळ्या वाटांनी येतो आणि तीन वेगळ्या तऱ्हांनी वाटला जातो. प्रेक्षक बदलला म्हणजे ही वाट बदलली. मग कुणाचा वाटा वाढला आणि कुणाचा गेला, हे मोजता येतं. गोषवाऱ्यात मांडण्याजोगा मुद्दा इथे सापडतो.

२. लावणी कुठली, ते पहिल्या दोन ओळींत सांगून टाकावं.

'महाराष्ट्राची लोककला लावणी' अशी सुरुवात केली की तीस शब्द खर्च होतात आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ढोलकी फडाच्या तमाशातली लावणी आणि संगीत बारीची लावणी यांचं अर्थकारण वेगळं आहे. फड गावोगाव फिरतो. दसऱ्याला बाहेर पडतो आणि बुद्ध पौर्णिमेच्या आसपास हंगाम संपतो. त्यातल्या कलावंतांनी हंगामाआधीच फडमालकाकडून उचल घेतलेली असते, म्हणजे वर्षाची सुरुवातच देण्याने होते. संगीत बारीच्या पार्ट्या कला केंद्रात खोल्या घेऊन राहतात आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे येतं. मोडनिंब, चौफुला, जामखेड, पुण्याचं आर्यभूषण थिएटर ही या जगातली ठिकाणं.

हा फरक किती खोल आहे ते २०२० साली दिसलं. त्या वर्षीचा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवसापासून लागू झाली. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे लोक तिथे येऊन चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या देतात. फडांचा हंगाम नेमका भरात येण्याच्या दिवशी बंद झाला, आणि घेतलेली उचल तशीच अंगावर राहिली. कला केंद्रातल्या बायकांचंही उत्पन्न थांबलं, पण त्यांच्यापुढचा प्रश्न रोजच्या खर्चाचा होता, कारण त्यांची कमाईच रोजची. दोघींना 'लावणी कलावंत' म्हणून एकाच वाक्यात बसवलं की दोघींचंही खरं सांगायचं राहून जातं. माझ्या विद्यार्थिनीने संगीत बारी निवडली आणि फडाचा उल्लेख गोषवाऱ्यातून काढून टाकला. ते बरोबर झालं.

३. कमाई विचारू नये, एका बैठकीचा पैसा कसा फिरला ते विचारावं.

माझ्या दृष्टीने सगळ्यात जास्त वेळ देण्यासारखी गोष्ट ही आहे, म्हणून सावकाश सांगते.

संध्याकाळी केंद्रावर आधी बाऱ्या लागतात. एकेक पार्टी आपल्या पाळीने मंचावर येते, दोन-तीन गाणी करते आणि उतरते. तिकीट काढून बसलेले लोक पाहतात. त्यांतल्या कुणाला एखादी पार्टी आवडली तर तो बैठक ठरवतो. बैठक वेगळ्या खोलीत होते आणि तिचे पैसे वेळेवर ठरतात. त्यावर फर्माईश आणि दौलतजादा वेगळी. बहुतेक पार्ट्यांचा भरवसा या बैठकांवर असतो.

विद्यार्थिनीने एका मालकिणीला विचारलं, "मावशी, महिन्याला साधारण किती सुटतात?" मावशी म्हणाल्या, "महिन्याचं कुठलं गं पोरी? आज भरल्या हातानं जाईल, मग आठ दिस कुनी फिरकत न्हाई." आयकर खात्याचा माणूस असो, पत्रकार असो की संशोधक, या प्रश्नाला उत्तर असंच येणार, कारण ही कमाई महिन्यात मोजलीच जात नाही. मग तिने प्रश्न बदलला. काल रात्री शेवटची बैठक झाली, तिचा पैसा आधी कुणाच्या हातात आला आणि तिथून कुणाकुणाकडे गेला? यावर मावशी अर्धा तास बोलल्या. मधेच त्यांनी पेटीमास्तरांना हाक मारून बोलावलं आणि त्यांचा वाटा त्यांनाच सांगायला लावला.

हिशेब कळावा म्हणून सोपे आकडे धरते. ते कल्पित आहेत आणि प्रत्येक केंद्राची वाटणीची रीत निराळी असते. समजा बैठकीचे चार हजार आले आणि निम्मे केंद्राचे ठरलेले आहेत. पार्टीकडे दोन हजार उरले. पार्टीत मालकीण, एक गाणारी, तिघी नाचणाऱ्या, आणि पेटी, तबला, ढोलकीवाले तिघे. मालकिणीचे दोन वाटे, कारण खोलीचं भाडं, शिधा, कपडे तिच्याकडे. गाणारीचे दोन. बाकी सहा जणांचा एकेक. असे दहा वाटे, दोनशे रुपयांचा एक. नाचणारीला दोनशे आणि गाणारीला चारशे.

आता दुसरी बैठक घेऊ. गिऱ्हाईक तरुण आहेत. त्यांना सिनेमातलं गाणं हवं आहे आणि ते स्पीकरवर लागतं. पैसे तेच, चार हजार. केंद्राचे दोन गेले, पार्टीकडे दोन राहिले. पण या वेळी गाणारीला बोलावलं नाही आणि साथीदार बाहेर बसून राहिले. मालकिणीचे दोन आणि नाचणाऱ्यांचे तीन, असे पाचच वाटे झाले. नाचणारीला चारशे मिळाले. गाणारीला काही नाही, पेटी-तबला-ढोलकीला चहापाणी.

पार्टीची कमाई एका रुपयानेही हलली नाही. म्हणून 'लावणी कलावंतांचं उत्पन्न घटलं' हे विधान इथे खोटं ठरतं आणि 'वाढलं' हेही खोटं ठरतं. वाटणी मात्र पार बदलली. आणि ही गाणारी कोण असते, ते पाहिलं की त्याचा अर्थ कळतो. बहुधा ती काल नाचणारी असते. गुडघे कुरकुरू लागले, अंग सुटलं की बाई नाचातून गाण्याकडे वळते आणि बसून अदा करते. एकाच ओळीवर चेहऱ्याने आणि हाताने दहा अर्थ दाखवायचे, ही बैठकीच्या लावणीची कमाल आणि ती वयाने पिकते. यमुनाबाई वाईकर म्हातारपणातही बसून अदा करत आणि जाणकार ती पाहायला जात. त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली शंभरी ओलांडून त्या गेल्या. बैठकीत शब्द ऐकणारा माणूस असेल तर या कलेत बाईला चाळिशीनंतरही काम असतं. तो उठून गेला आणि त्याच्या जागी फक्त नाच पाहणारा आला, की तिच्या कामाच्या आयुष्याचा पुढचा अर्धा भाग जातो.

विद्यार्थिनीच्या निबंधाचा मुद्दा असा वाटणीच्या हिशेबातून वर आला. तो आधी ठरवून ती तिथे गेली नव्हती.

४. 'पूर्वीचा रसिक जाणता होता' हे वाक्य पुराव्याशिवाय लिहू नये.

हे वाक्य जवळजवळ प्रत्येक गोषवाऱ्यात येतं. मुलाखतीतही येतं, कारण म्हाताऱ्या कलावंत ते मनापासून सांगतात. त्यांचं सांगणं नोंदवावं, पण ते स्वतःच्या तोंडी घेऊ नये. पाहणारा माणूस बिघडला ही तक्रार फार जुनी आहे. बाळासाहेब खेर मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली आणि पुढे ती अटी घालून उठली. आज ज्याला आपण जाणत्या रसिकाचा काळ म्हणतो, त्याच काळातली ही गोष्ट आहे.

दुसरं असं की जाणता रसिक आणि बाईला अडकवणारा माणूस पुष्कळदा एकच असे. कोल्हाटी समाजातला चिरा उतरवण्याचा विधी, त्यासाठी मोजले जाणारे पैसे, त्यानंतर एका मालकावर अवलंबून राहिलेली बाई आणि बापाचं नाव नसलेली मुलं हे सगळं किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' या १९९४ सालच्या आत्मकथनात आहे. ज्याला लावणीचे शब्द कळत होते तो बाईशी बरा वागत होता, असं धरून चालता येत नाही.

मग काळाबद्दल काय म्हणावं? सांगणाऱ्या बायकांच्या स्वतःच्या आठवणीत बसेल एवढाच बदल घ्यावा. मुंबईच्या लालबागेतल्या हनुमान थिएटरबद्दल लिहायचं असेल तर जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला गिरणी संप हा पक्का टप्पा आहे, कारण त्या संपाने पगार मिळवणारा प्रेक्षकच गिरणगावातून उठवला. माझ्या विद्यार्थिनीच्या केंद्रात तो टप्पा उपयोगाचा नव्हता. तिथे बायका साल सांगत नव्हत्या, गाण्यावरून काळ सांगत होत्या. "नटरंग आला त्याच्या फुडच्या वर्साला मी गानं धरलं" असं. 'नटरंग' जानेवारी २०१० मध्ये पडद्यावर आला. तिने प्रत्येकीच्या आठवणी अशा चित्रपटांच्या तारखांवर बसवून घेतल्या आणि गोषवाऱ्यात '२०१० नंतर' असं लिहिलं. 'गेल्या काही दशकांत' या शब्दांपेक्षा ते फार मोलाचं आहे.

५. नवा प्रेक्षक आला म्हणजे जुन्या कलावंताला काम मिळालं, असं नाही.

नाट्यगृहात फक्त बायकांसाठी लावणीचे प्रयोग होतात, बायका शिट्ट्या वाजवतात, खुर्च्यांपुढे नाचतात. हे बघताना मला स्वतःला आनंद होतो. पण 'लावणीला प्रतिष्ठा मिळाली' असं वाक्य दिसलं की मी समासात विचारते, कुणाच्या लावणीला? मंचावरची मुलगी कला केंद्रातून आली आहे की नृत्याच्या वर्गातून? अकलूजच्या लावणी महोत्सवात संगीत बारीच्या पार्ट्या कुटुंबासह बसलेल्या प्रेक्षकांसमोर आल्या, म्हणजे प्रेक्षक बदलला पण कलावंत त्याच राहिल्या. नाट्यगृहातल्या पुष्कळ प्रयोगांत दोन्ही बदलतात. शर्मिला रेगे यांनी १९९५ सालच्या आपल्या निबंधात लावणी कलावंतांची जात, त्यांची लैंगिकता आणि त्यांची कला वरच्या वर्गाने आपलीशी करणं यांचा संबंध मांडला होता. तो वाचल्याशिवाय या मुद्द्याला हात घालू नये.

६. आधीच्यांचं काम एका वाक्यात, पण नेमकं.

या विषयावर पहिल्यांदाच काम होत आहे, असं लिहिलेला गोषवारा मी बाजूला ठेवते. रेगे यांचं काम आहे. भूषण कोरगांवकर यांचं 'संगीत बारी' हे पुस्तक आहे आणि सावित्री मेधातूल यांचा 'नटले तुमच्यासाठी' हा माहितीपट आहे. शैलजा पाईक यांचा तमाशा, जात आणि अश्लीलता यांवरचा इंग्रजी ग्रंथ २०२२ साली आला. गोषवाऱ्यात यांची यादी नको. यांनी काय दाखवलं आणि आपण त्यात कुठली एक गोष्ट जोडतो आहोत, एवढं एका वाक्यात यावं.

७. गोषवारा ज्यांच्याबद्दल आहे त्यांना आधी वाचून दाखवावा.

निबंध चार माणसं वाचतात, गोषवारा मात्र पुस्तिकेत छापून सगळीकडे जातो. केंद्राचं नाव, तालुका आणि 'तिघी बहिणींची पार्टी' एवढं वाचलं की त्या भागातला कुणीही माणूस त्या बायकांना ओळखतो. त्यांतल्या कुणाची मुलगी परगावी शिकत असते आणि वसतिगृहात आईचा व्यवसाय कुणाला माहीत नसतो. म्हणून सोलापूर भाग एवढंच लिहायचं ठरलं.

विद्यार्थिनीने मजकूर मावशींना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिल्या खर्ड्यात 'शोषित' असा शब्द होता. तो त्यांना चालला नाही. माझ्या पार्टीत आठ माणसं जेवतात, असं त्या म्हणाल्या. दुसरं, साथीदारांचा उल्लेख नव्हता, तो घालायला लावला. पेटीमास्तरांची सगळी हयात याच पार्टीत गेली होती आणि त्यांना कुठल्याच मानधनाच्या यादीत जागा मिळालेली नव्हती. या दोन दुरुस्त्यांनी गोषवारा जास्त खरा झाला. शोषण आहे की नाही, हे वाटणीच्या हिशेबातून वाचणाऱ्याला कळतंच.

८. 'करण्यात येईल' असं लिहू नये, सापडलं ते लिहावं.

पहिल्या खर्ड्याचं पहिलं वाक्य असं होतं: लावणी ही महाराष्ट्राची समृद्ध लोककला असून प्रस्तुत शोधनिबंधात तिच्या बदलत्या प्रेक्षकवर्गाचा आणि कलावंतांच्या समस्यांचा चिकित्सक अभ्यास करण्यात येईल. हे वाक्य कुठल्याही लोककलेला आणि कुठल्याही वर्षी लावता येतं. शेवटचा मजकूर जो गेला तो थोडा आटोपून खाली देते.

"संगीत बारीच्या लावणीत बैठकीचे उत्पन्न गायिका, नर्तिका आणि साथीदार यांच्यात वाट्यांनी विभागले जाते. सोलापूर भागातील एका कला केंद्रातील पार्ट्यांच्या मुलाखती आणि बैठकींच्या वाटणीचे तपशील यांच्या आधारे हा निबंध दाखवतो की २०१० नंतर श्रोत्यांकडून चित्रपटगीतांची व ध्वनिमुद्रित संगीतावरील नृत्याची मागणी वाढली तेव्हा एका बैठकीचे एकूण उत्पन्न फारसे बदलले नाही, पण त्याची विभागणी बदलली. नर्तिकांचा वाटा वाढला, गायिका आणि साथीदार यांचा घटला. नर्तिका उतारवयात गायनाकडे वळत असल्यामुळे या बदलाचा परिणाम त्यांच्या कामाच्या आयुष्यावर होतो, चाळिशीनंतरचे काम कमी होते. लावणीतील जात व लैंगिकता यांविषयीच्या आधीच्या अभ्यासांत हा निबंध वय आणि वाटणी यांची भर घालतो. निष्कर्ष एका केंद्रापुरते असून फिरत्या फडांना ते लागू करता येणार नाहीत."

शेवटच्या वाक्यावर एका सहकाऱ्याने हरकत घेतली, की आपणच आपला दावा का कमी करायचा. मी ते वाक्य ठेवायला सांगितलं. ज्या श्रोत्याला फडांची माहिती असते तो सत्रात हाच प्रश्न पहिला विचारतो, आणि उत्तर छापलेलं असलं की उरलेला वेळ वाटणीच्या चर्चेला मिळतो. त्या सत्रात तसंच झालं. खानदेशातून आलेल्या एका प्राध्यापकांनी त्यांच्याकडच्या तमाशात साथीदारांना वाट्याऐवजी पगार कसा ठरतो ते सांगितलं, आणि पगार ठरलेला असेल तर स्पीकर आल्यावर साथीदाराचं नुकसान लगेच होतं की पुढच्या हंगामात, यावर बोलणं चाललं. त्याचं उत्तर शोधायला ती आता त्यांच्या भागात जाणार आहे.